सांध्याखाली चार बोटं

आमच्या वहिनी सदाशिव पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतात. इमारत जुनी, लिफ्ट नाही आणि जिन्याला ५४ पायऱ्या. हा आकडा मला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं, पण गेल्या उन्हाळ्यात तो सगळ्या घराला पाठ झाला. उजवा गुडघा दुखायला लागल्यापासून वहिनी प्रत्येक पायरी मोजून चढायच्या आणि वर पोचल्या की आज कितव्या पायरीवर थांबावं लागलं ते सांगायच्या.

सपाट रस्त्यावर त्यांना फारसा त्रास नव्हता. मंडईत दोन चकरा मारून यायच्या. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर मात्र गुडघ्याच्या आतल्या बाजूला कळ उठायची. जमिनीवरून उठतानाही तीच गत. रात्री कुशीवर झोपलं, गुडघ्यावर गुडघा आला की जाग यायची, म्हणून मध्ये उशी घ्यायला लागल्या. वय ५६, वजन ७६ किलो, सात वर्षांची शुगर. एवढं कळल्यावर कोणीही म्हणणार की गुडघे झिजले. आणि एक्स-रेच्या कागदावरही तेच लिहून आलं: दोन्ही गुडघ्यांत झीज, ग्रेड दोन.

मग सल्ले सुरू झाले. शेजारच्या काकूंच्या मते गुडघ्यातलं वंगण संपलं होतं. एका नणंदेचे दोन्ही गुडघे बदलून झाले होते, त्यांनी सर्जनचा नंबर पाठवला. वहिनींनी घाबरून जिना उतरणंच बंद केलं. भाजी दोरीला पिशवी बांधून वर येऊ लागली.

त्या कागदात एक गोष्ट होती, जिच्याकडे आमच्यापैकी कोणाचंच लक्ष गेलं नाही. झीज दोन्ही गुडघ्यांत सारखी होती. दुखत होता एकच.

जुलैत त्यांना अस्थिरोगतज्ज्ञाकडे नेलं तेव्हा मी सोबत होतो. डॉक्टरांनी एक्स-रे बाजूला ठेवला, वहिनींना टेबलाच्या कडेला पाय सोडून बसवलं आणि म्हणाले, “काकू, कुठं दुखतं ते एका बोटानं दाखवा. तळहातानं नाही, एका बोटानं.” वहिनींनी आधी सवयीनं सगळ्या गुडघ्यावरून हात फिरवला. डॉक्टर पुन्हा म्हणाले, “एकच बोट.” तेव्हा त्यांचं बोट वाटीच्या खाली, आतल्या अंगाला, नडगीच्या हाडावर जाऊन टेकलं. डॉक्टरांनी आधी सांध्याच्या फटीवर अंगठा दाबला. वहिनी गप्प. मग अंगठा चार बोटं खाली सरकवून दाबला, आणि वहिनी “अगं आई गं!” म्हणून टेबलावरच उडाल्या.

“दुखतंय ते सांध्यात नाही,” डॉक्टर म्हणाले. “सांध्याच्या खाली आहे.”

ही जागा समजून घेण्यासारखी आहे. मांडीच्या वरच्या टोकापासून, म्हणजे कमरेच्या हाडाच्या तीन वेगवेगळ्या भागांपासून, तीन स्नायू निघतात. एक पुढून, एक मधून, एक मागून. मांडीभर आपापल्या वाटेनं येऊन ते गुडघ्याची आतली बाजू ओलांडतात आणि नडगीच्या हाडाच्या वरच्या भागात, सांध्याच्या फटीपासून सुमारे पाच ते सात सेंटिमीटर खाली, शेजारी शेजारी चिकटतात. पुढून येणारा सार्टोरियस हा शरीरातला सर्वांत लांब स्नायू. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी. जुन्या काळचे शिंपी मांडी घालून शिवायला बसत, आणि पाय तसा दुमडून घ्यायला हा स्नायू कामी येतो, म्हणून हे नाव. मधला ग्रॅसिलिस, मागचा सेमिटेंडिनोसस. तिघांचे पांढरे, चपटे कंडरे हाडाला चिकटतात तिथे त्यांचा आकार हंसाच्या पंजासारखा पसरट दिसतो. जुन्या शरीरशास्त्रज्ञांनी म्हणूनच त्याला पेस अॅन्सेरायनस म्हटलं, म्हणजे हंसाचा पाय. मला स्वतःला या नावात वैद्यकातली थोडी कविता दिसते, पण वहिनींनी ते ऐकून हात जोडले.

या तीन कंडऱ्यांच्या खाली, कंडरे आणि हाड यांच्या मध्ये, एक पातळ पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. दोन पापुद्रे एकमेकांवर सरकत राहावेत म्हणून आत थेंबभर द्रव. निरोगी माणसात ती असून नसल्यासारखी असते. तिला वारंवार घासलं, ओढलं, दाबलं की ती सुजते आणि दुखते. हाच बर्सायटिस. १९३७ साली न्यूयॉर्कच्या इलाय मॉश्कोविट्झ या डॉक्टरांनी या दुखण्याचं पहिलं नीट वर्णन छापलं. त्यांच्या रुग्णांत जवळजवळ सगळ्या बायकाच होत्या. जिना चढता-उतरताना आणि खुर्चीतून उठताना गुडघा दुखतो, ही त्यांची तक्रार. त्यांनी लेखाच्या मथळ्यातच म्हटलं होतं की हा विकार जुनाट संधिवाताचं सोंग घेतो. नव्वद वर्षं होत आली, सोंग अजून वठतंय.

सोंग वठण्याचं कारण जिन्यातच आहे. पायरीवर पाय ठेवून अंग वर उचलताना सगळा भार एका वाकलेल्या गुडघ्यावर येतो. काही माणसांत कृत्रिम गुडघ्याच्या आतच मोजयंत्र बसवून हा भार मोजला गेला आहे. सपाट चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास दाब येतो, जिना चढताना तीन पटींच्या वर जातो आणि उतरताना त्याहून थोडा जास्त. वहिनींच्या हिशेबानं एका पायरीला सव्वादोनशे किलोंच्या वर. सांधा झिजलेला असेल तर तो इथे कुरकुरणारच. पण त्याच क्षणी आणखी एक गोष्ट घडत असते. वाकलेला गुडघा आत पडू पाहतो आणि नडगी बाहेर वळू पाहते. तिला आतून धरून ठेवण्याचं काम त्या तीन स्नायूंचं. तंबूच्या दोऱ्या वाऱ्यात ताणाव्यात तसे ते ताणतात आणि खालच्या पिशवीवरून सरकतात. म्हणजे पायरी एकच, पण दुखण्याची ठिकाणं दोन असू शकतात, आणि माणूस दोन्हींना “गुडघा दुखतो” असंच म्हणतो.

घरी हे तपासून बघायचं असेल तर खुर्चीत बसा, पाऊल जमिनीवर, गुडघा काटकोनात. वाटीच्या खालच्या टोकापाशी बोट ठेवून ते आतल्या बाजूला सरकवा. तिथे एक मऊ खळगा लागतो. त्या खळग्यातून आडवं आत जात राहिलं की बोटाला दोन हाडांमधली बारीक खाच जाणवते. वर मांडीचं हाड, खाली नडगीचं. ही सांध्याची फट. झिजेचं आणि आतल्या गादीच्या फाटण्याचं दुखणं बहुतेक वेळा याच रेषेवर बोलतं. आता फटीच्या खाली चार बोटं आडवी ठेवा. चौथ्या बोटाच्या आसपास, नडगीच्या पुढच्या धारेपासून थोडं आत, हाडाचा रुंद सपाट भाग लागतो. हंसाचा पाय इथे टेकलेला आहे. यानंतरची पायरी लोक विसरतात: दुसऱ्या गुडघ्याचीही तीच जागा तेवढ्याच जोरानं दाबायची. ही जागा अनेकांची, विशेषतः तिथे चरबी असलेल्या बायकांची, एरवीही थोडी हुळहुळी असते. नुसतं दुखलं म्हणून बर्सायटिस ठरत नाही. दुखऱ्या बाजूला ठळकपणे जास्त दुखायला हवं, आणि दाबल्यावर “हो, जिन्यात हीच कळ येते” असं वाटायला हवं.

डॉक्टरांनी आणखी दोन गोष्टी केल्या. वहिनींना टाच मागे ओढायला सांगितली आणि स्वतः ती धरून ठेवली. तीन स्नायू जोर लावतात तेव्हा त्यांच्या मुळाशी कळ आली. मग त्यांनी गुडघा पूर्ण वाकवला, पूर्ण सरळ केला. आत किंचित करकर होती, पण गुडघा अडत नव्हता, सांध्यात पाणी नव्हतं, पाय धनुष्यासारखे वाकलेले नव्हते. सकाळी उठल्यावर आखडलेपण किती वेळ राहतं, हेही विचारलं. “पाच मिनिटं, मग सुटतो,” वहिनी म्हणाल्या.

या उत्तरांत झीज अजिबात नाही असं नाही. थोडी आहेच. पण झिजेबद्दल आपल्या डोक्यात जे चित्र आहे ते बरंचसं चुकीचं आहे. वंगण संपत नाही. उलट झिजलेल्या सांध्याचं अस्तर चिडलं की द्रव जास्त तयार होतो, त्यालाच आपण गुडघ्यात पाणी झालं म्हणतो. झिजते ती कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, आणि गंमत अशी की कूर्चेला संवेदनेच्या नसाच नसतात. ती झिजली तरी ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्या खालचं हाड, सांध्याचं अस्तर, आजूबाजूचे बंध. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही. दोन हाडांतलं अंतर कमी झालेलं दिसतं आणि कडेला वाढलेली हाडाची टोकं दिसतात. त्यावरून शून्य ते चार अशी ग्रेड द्यायची पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये घालून दिली, ती आजही चालते. पण ग्रेड आणि वेदना यांचं फारसं पटत नाही. ग्रेड तीनचा गुडघा घेऊन वारी करणारी माणसं आहेत आणि ग्रेड एकच्या गुडघ्यानं बेजार झालेलीही. पन्नाशीपुढे कोणाचाही एक्स-रे काढला तरी काहीतरी निघतंच. ते निघालं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं म्हणणं म्हणजे केस पांढरे दिसले म्हणून डोकेदुखीचं निदान करण्यासारखं आहे. आणि फोटो उभं राहून काढलेला हवा. आडवं पडून काढला तर फट खरी असते त्यापेक्षा रुंद दिसते.

झीज हेच मुख्य दुखणं असतं तेव्हा गोष्ट वेगळी ऐकू येते. ती वर्षानुवर्षांची असते. बोटानं जागा दाखवता येत नाही, माणूस तळहात फिरवतो. सपाट चालतानाही दुखतं आणि जेवढं चालावं तेवढं वाढत जातं. सिनेमा पाहून उठलं की पहिली चार पावलं लाकडी पडतात. गुडघा पूर्ण वाकत नाही, हळूहळू पाय बाहेर वाकायला लागतात. वहिनींची गोष्ट अशी नव्हती. त्यांच्या दुखण्याला जवळजवळ तारीख होती. शुगर कमी करायची म्हणून गुढीपाडव्यापासून त्यांनी रोज पर्वती चढायला सुरुवात केली होती. आधी व्यायाम शून्य. तिसऱ्या आठवड्यात गुडघ्याखाली कळ सुरू झाली, तरी “सुरुवातीला दुखतंच” म्हणून आणखी पंधरा दिवस चढत राहिल्या.

मांडीच्या मागचे आखडलेले स्नायू, सपाट तळवे, आतल्या बाजूला झुकणारे गुडघे, वाढलेलं वजन, मधुमेह आणि त्यात अचानक वाढवलेली चढण. हा बर्सायटिसचा नेहमीचा गोतावळा आहे, आणि याच मंडळींत झीजही भेटते. म्हणूनच दोन्ही एकत्र असणं ही फार सामान्य गोष्ट आहे. झिजेमुळे चाल बदलते, चाल बदलली की कंडऱ्यांवर ताण येतो. गुडघा बदलून झाल्यावरही काही जणांना खालच्या जागी दुखत राहतं, ते यामुळेच.

इथे एक कबुली द्यायला हवी. बर्सायटिस हे नाव सोयीचं असलं तरी दरवेळी खरं नसतं. असं दुखणाऱ्यांची सोनोग्राफी करून पाहिली तेव्हा सुजलेली पिशवी थोड्याच जणांत दिसली. बाकीच्यांत कंडरे, त्यांचं हाडाला चिकटणं, आसपासची चरबी, यांपैकी काय दुखतं ते नेमकं सांगता येत नाही. त्यामुळे बरेच डॉक्टर आता “त्या जागेचं दुखणं” एवढंच म्हणतात. रुग्णाला त्यानं फरक पडत नाही, कारण उपाय तेच. पण सोनोग्राफीत काही आलं नाही म्हणून “तुम्हाला काही झालेलं नाही” असं ऐकावं लागलं, तर ते मनाला लावून घेऊ नये.

वहिनींना आधी जे बंद करायला सांगितलं ते पर्वतीचं चढणं, जिना नव्हे. जिन्याची पद्धत बदलली. कठड्याला हात, एका वेळी एक पायरी, चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. जमिनीवर मांडी घालून बसणं सहा आठवडे बंद. दिवसातून दोन-तीनदा दुखऱ्या जागी फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं. शुगर असल्यामुळे पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या टाळून लावायचं जेल दिलं. या गोळ्या मूत्रपिंडावर भार टाकतात, आणि मेडिकलमधून परस्पर आणून महिना महिना घेणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही.

खरं काम व्यायामानं केलं. फिजिओथेरपिस्ट मुलीनं दोनच शिकवले, आणि मला ते आवडलं, कारण दहा शिकवले असते तर वहिनींनी एकही केला नसता. पहिला, मांडीच्या मागचा ताण: पलंगाच्या कडेला बसून दुखरा पाय समोर सरळ, टाच जमिनीवर, पाठ न वाकवता कमरेतून पुढं झुकायचं आणि मांडीमागे ओढ जाणवली की तिथेच तीस सेकंद थांबायचं. असं तीन वेळा, झटका न देता. दुसरा, मांडीच्या पुढच्या स्नायूसाठी: उताणं झोपून एक गुडघा दुमडायचा, दुसरा पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, पाचपर्यंत मोजून हळू खाली. दहा वेळा. तिसऱ्या आठवड्यात त्यात जाड पुस्तकाएवढ्या पाटावर चढ-उतार करणं आलं. ते करताना गुडघा आत पडू द्यायचा नाही, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवायचा. “काकू, गुडघा आत गेला,” असं ती दर दोन मिनिटांनी म्हणायची.

इंजेक्शनचाही विषय निघाला. त्या जागी स्टिरॉइड आणि भूल यांचं मिश्रण देतात. भुलीनं काही मिनिटांतच कळ गेली तर जागा बरोबर होती, हा एक पुरावाही मिळतो. आराम अनेकांना पडतो. पण तो किती टिकेल याची खात्री नसते, आणि मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर चढते. डॉक्टरांनी ते राखून ठेवलं. सहा आठवड्यांत फरक पडला नाही तर बघू म्हणाले. वेळ आली नाही.

या सगळ्यात एक अपवाद सांगायला हवा, कारण तो चुकला तर महागात पडतो. हाडं ठिसूळ झालेल्या वयस्क बाईला याच जागी, नडगीच्या वरच्या भागात, हाडाला बारीक तडा जाऊ शकतो. पडणं-बिडणं काही झालेलं नसतं. दुखणं एक-दोन दिवसांत वाढतं, सपाट चालतानाही पाय टेकवत नाही, आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो. तिथे बर्सायटिस समजून व्यायाम केले तर तडा वाढतो. तेव्हा पाय टेकवतच नसेल तर एमआरआयचं विचारावं. जागा लाल, गरम होऊन ताप येणं, किंवा स्वस्थ पडल्यावरही रात्रभर ठणकणं, हेही बर्फ लावून वाट पाहण्याचे प्रकार नव्हेत. आणि कधी कधी दोन्ही जागा दाबून काहीच दुखत नाही. मग खुबा तपासतात, कारण खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं.

चौथ्या आठवड्यात वहिनींनी पिशवीची दोरी काढून टाकली. सातव्यात उशीशिवाय झोपल्या. नवरात्रात तांबड्या जोगेश्वरीला चालत जाऊन आल्या आणि ५४ पायऱ्या न थांबता चढल्या, अर्थात कठडा धरून. वजन तीन किलो उतरलं होतं, ते व्यायामानं कमी आणि रात्रीचा भात सोडल्यानं जास्त, असं त्यांचंच मत.

परवा गेलो होतो तेव्हा उतरताना त्या जरा थबकल्या. मी म्हटलं, “वहिनी, परत सुरू झालं का?” त्यांनी वाकून आधी चार बोटांखाली दाबून पाहिलं, मग वर फटीवर.

“नाही हो भाऊजी,” त्या म्हणाल्या, “हे खालचं नाही. हे वरचं, जुनं. दहा पावलं चाललं की सुटेल.”